मदत हवी आहे: कार्यक्रमानंतरचे अभिप्राय थोडक्यात कसे घ्यायचे?

वैतागलेला_सचिव: ग्रुपवर 'कसं वाटलं सांगा' म्हटलं तर निम्मे अंगठा दाखवून मोकळे, बाकीचे पानभर लिहितायत. तुलना कशी करणार? रविवारी मीटिंग आहे, लवकर सांगा.

चहाबाज: कसला कार्यक्रम? माणसं किती? लग्न, ट्रेक, सत्यनारायण, काय समजायचं?

वैतागलेला_सचिव: अहो सोसायटीचा गणपती. महाप्रसादाला दीडशे पानं. भांडण जेवणावरूनच आहे.

झटपट: व्हॉट्सॲपवर पोल टाका, १ ते ५ मार्क, विषय संपला.

गच्चीवरची_ताई: झटपट, पोलमध्ये कोणी काय दिलं ते नावासकट दिसतं. जेवणाचं बघणारे काका त्याच ग्रुपमध्ये असताना २ कोण देईल? आणि मार्क मागितले की आपली माणसं ४ देऊन टाकतात, त्यातून काय कळतं? काय घडलं ते विचारा. सचिवसाहेब, नक्की तक्रार काय आहे?

वैतागलेला_सचिव: काही म्हणतात श्रीखंड मिळालंच नाही, काही म्हणतात भरपूर होतं.

गच्चीवरची_ताई: मग गूगल फॉर्ममध्ये दोनच प्रश्न, टिक करायचे. 'कितव्या पंगतीला बसलात?' पहिली, दुसरी, तिसरी. 'श्रीखंड?' हवं तेवढं मिळालं, कमी मिळालं, संपलं होतं. उत्तरं शीटमध्ये उघडली की ए कॉलमात वेळ येते, बी मध्ये पंगत, सी मध्ये श्रीखंड. मग हे टाका:

```
=COUNTIFS(B:B,"तिसरी",C:C,"संपलं होतं")
```

'पहिली', 'दुसरी' घालूनही बघा. सगळे 'संपलं' तिसरीतच निघाले तर माल कमी आणला किंवा आधीच्या पंगतींना सढळ हाताने वाढलं. तिन्हीत विखुरलेले असतील तर वाढप्यांची एखादी रांग सुटत होती. सरसकट सरासरीत हा फरक दिसत नाही.

जुना_कार्यकर्ता: श्रीखंड ठेवूच नका हो, उन्हात आंबतं. आम्ही शिरा करतो, कधी कमी पडला नाही. केटरर पण आमचा चांगला आहे, नंबर देऊ का?

चहाबाज: काका, प्रश्न काय, तुमचं चाललंय काय!

झटपट: पण दोन शब्द लिहायला जागा नको? लोक चिडतील. ५० अक्षरांची मर्यादा घाला, फॉर्ममध्ये सोय आहे.

गच्चीवरची_ताई: जागा द्या, पण एकच, शेवटी, आणि प्रश्न नेमका: 'पुढच्या वर्षी बदलायची एक गोष्ट'. ५० मात्र मराठीत पुरत नाहीत, काना-मात्रा, जोडाक्षरातला हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. 'कार्यक्रम' लिहिलं की ९ गेले. १५० ठेवा.

वैतागलेला_सचिव: बरं, करतो. पण नाव नाही घेतलं तर एकच माणूस चारदा भरेल ना?

झटपट: एकदाच भरता येईल असं सेटिंग आहे.

गच्चीवरची_ताई: त्याला गूगल लॉगिन लागतं, आमच्याकडचे आजी-आजोबा तिथेच अडकले. त्यांच्यासाठी कागद छापून वॉचमनकडे ठेवला होता.

चहाबाज: फ्लॅट नंबर घ्या की सरळ.

गच्चीवरची_ताई: घेतलात तर काकांना कळणारच कोणी लिहिलं. मी घेणार नाही.

चहाबाज: मी घेईन. खोडसाळपणा करणारे आमच्याकडे जास्त आहेत.