मदत हवी आहे : चित्रपटाच्या स्टिलखाली नटाचे नाव लिहावे की पात्राचे?

नोंदवही
नमस्कार. जुन्या चित्रपटांच्या स्टिल्सची सूची करण्याचे काम मी हाती घेतले आहे. प्रत्येक चित्राखाली एक ओळ आणि फाइलीतील व्यक्तीच्या रकान्यात एक नाव, अशी पद्धत मी ठरवली होती. मात्र ‘द ग्रेट डिक्टेटर’ (१९४०) पाशी येऊन गाडी अडली. त्यात हुकूमशहा हिंकेल आणि ज्यू न्हावी या दोन्ही भूमिका चॅप्लिन यांनीच केल्या आहेत. माझ्याकडील दोन चित्रांत गणवेशातील चॅप्लिन ध्वनिक्षेपकांपुढे उभे आहेत. मी दोन्हींखाली ‘हिंकेल भाषण करताना’ असे लिहिले, तेव्हा एका मित्राने दुसरी ओळ चुकल्याचे दाखवले. मग व्यक्तीच्या रकान्यात काय लिहावे आणि ओळीत काय?

सरळरेघ
यात अवघड काही नाही. अंगावर भूमिकेचा पोशाख असेल तर पात्राचे नाव लिहावे, घरचे कपडे असतील तर नटाचे. मी अनेक वर्षे असेच करतो.

पाहुणा२१
चित्र शोधयंत्रात टाकून पाहिले का? नटाचे नाव लगेच मिळते.

नोंदवही
पाहुणा२१, नटाचे नाव मला ठाऊक आहे. चेहरा एकच असताना पात्र कोणते, हे शोधयंत्र कसे सांगणार?

जुनी_रिळे
सरळरेघ यांचा नियम पुष्कळदा चालतो, पण नेमका याच चित्रपटात मोडतो. आरंभी पहिल्या महायुद्धातील सैनिकाच्या गणवेशात दिसतो तो न्हावीच. शेवटी छळछावणीतून पळताना तो गणवेश चढवतो, लोक त्याला हिंकेल समजतात आणि ते प्रसिद्ध भाषण त्याला करावे लागते. खरा हिंकेल तोवर न्हावी समजून पकडला गेलेला असतो. म्हणजे तुमच्या दुसऱ्या चित्रात चेहरा चॅप्लिन यांचा, रुबाब हिंकेलचा आणि पात्र मात्र न्हाव्याचे आहे. हे कपड्यांवरून कळत नाही. तो क्षण चित्रपटात कुठे येतो ते पडताळावे लागते, आणि क्षण सापडला नाही तर पात्राची जागा मोकळी ठेवावी.

व्यक्तीच्या रकान्यात नेहमी हाडामांसाचा माणूसच लिहावा. पात्र, चित्रपट आणि वर्ष वर्णनात जावे. मी असे भरतो :

```
exiftool -XMP-iptcExt:PersonInImage="चार्ली चॅप्लिन" \
 -XMP-dc:Description="चार्ली चॅप्लिन यांनी साकारलेला न्हावी हिंकेल समजला जाऊन भाषण करतो. द ग्रेट डिक्टेटर, १९४०" still_014.jpg
```

येथे `=` वापरले की रकान्यातील आधीची सर्व नावे पुसली जातात. त्याच चित्रात पॉलेट गोडार्ड असतील तर त्यांचे नाव `+=` ने जोडावे.

वाक्यरचनेत मराठी आपल्याला चांगला हात देते. नटाला आदरार्थी ‘यांनी’ आणि पात्राला एकवचनी ‘करतो’ ठेवले, की कृती कोणाची हे वाचताक्षणी उमगते. ‘चॅप्लिन भाषण करतात’ असे लिहिले तर उद्या कोणी ते त्यांच्या प्रत्यक्ष सभेचे छायाचित्र समजेल.

पडद्यामागचा
माझ्याकडे एका चित्रीकरणस्थळाचे छायाचित्र आहे. राजाच्या पोशाखातील नट खुर्चीत बसून संहिता वाचत आहेत आणि कोपऱ्यात दिव्याचे स्टँड दिसते. त्याखाली मी राजाचे नाव लिहून ठेवले आहे.

जुनी_रिळे
ते बदलावे. तेथे राजा नाहीच. भूमिकेच्या पोशाखातील नट आहेत, आणि संहिता तेच वाचत आहेत. आणखी एक खोच अशी की, अनेक स्टिल्स चित्रपटातील चौकट नसतात. स्थिरछायाचित्रकार तालमीच्या वेळी किंवा शॉट झाल्यावर नटांना पुन्हा उभे करून ती टिपतो. म्हणून हुबेहूब तीच चौकट सापडली नाही, एवढ्यावरून ओळख चुकली असे ठरवू नये. पोशाख, सेट आणि सोबतची पात्रे जुळतात का, ते पाहावे.

सरळरेघ
शेवटच्या भाषणाचे ध्यानात आले नव्हते. माझ्या जुन्या नोंदी पुन्हा तपासतो. तरी एक विचारतो : ‘लंका दहन’ (१९१७) मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. सीतेच्या स्टिलमध्ये अंध वाचकांसाठीच्या वर्णनात ‘स्त्री’ लिहावे की ‘पुरुष नट’?

जुनी_रिळे
मी ‘सीतेच्या वेषातील व्यक्ती’ असे लिहून पुढे ‘अण्णा साळुंके यांनी साकारलेली सीता’ असे जोडतो.

पडद्यामागचा
मला ते पटत नाही. प्रेक्षकाला पडद्यावर सीता दिसते. वर्णनाच्या पहिल्याच शब्दात तिचे स्त्रीपण काढून घेतले तर चित्रातील गोष्ट हरवते.

नोंदवही
दोन्ही चित्रांच्या नोंदी दुरुस्त केल्या : व्यक्तीच्या रकान्यात चॅप्लिन, पहिल्या वर्णनात हिंकेल, दुसऱ्यात न्हावी. सीतेच्या स्टिलचे वर्णन मात्र तूर्त कोरे ठेवले आहे. मूकपटांच्या नोंदी करणाऱ्या कोणी स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांसाठी वेगळी पद्धत वापरली असेल, तर नमुन्याची एक ओळ येथे द्यावी.