ब्लाउजला जास्त माया ठेवावी का?

मेघना: पैठणीवरचे ब्लाउज दोनदा घालून कपाटात पडतात. पुढे साडीसोबत विकता यावेत म्हणून शिवतानाच भरपूर माया ठेवून घ्यावी का? आमच्या टेलरताई म्हणतात, उगाच जाड होतं.

सुईवाली: घ्यावीच. मी वीस वर्षं ब्लाउज शिवतेय. छाती ३६ चा ब्लाउज धरा. बाजूच्या दोन शिवणींत मिळून कापडाच्या चार कडा येतात. प्रत्येकीला सव्वा इंच माया ठेवली आणि सोडताना पाव इंच राखली, तर एकूण ४ इंच मिळतात. पण हे झालं कागदावरचं. खांदा, गळा आणि टकचं टोक जागचे हलत नाहीत, त्यामुळे अंगावर नीट बसेल असे दोन-अडीच इंचच समजा. आणि बाहीच्या शिवणीतही तेवढीच माया हवी. ती विसरली की मुंढा मोठा, बाही लहान, मग काखेत चुण्या.

कोथरूडकर: एवढा खटाटोप कशाला? पाठीला नाडी लावा, कुणालाही बसेल.

सुईवाली: पाठ सैल होईल हो, दंड आणि मुंढ्याचं काय?

रेवती: मी टेलरताईंच्या बाजूने. आईचा हिरवा रेशमी ब्लाउज मी मोठा करून घेतला. आतलं कापड गर्द, बाहेरचं उडालेलं, दोन्ही काखांखाली उभा पट्टा दिसतो. जुन्या शिवणीची भोकंही गेली नाहीत. असला ब्लाउज कोण विकत घेणार?

सुईवाली: रेवतीताई, हे खरं आहे. घट्ट विणीच्या रेशमावर भोकं राहतातच, सुतीवर बरीचशी बुजतात. म्हणून मी बारीक सुई आणि मोठा टाका वापरते. जाडीचं म्हणाल, तर दोन्ही कडा एकत्र इंटरलॉक केल्या की काखेत दोरखंड होतो. कडा वेगवेगळ्या इंटरलॉक करून शिवण इस्त्रीने उघडी दाबायची. अस्तरही वेगळं शिवायचं, म्हणजे उसवताना दोन्हींची ओढाताण होत नाही. प्रिन्सेस कटच्या छातीवरच्या शिवणीत मात्र आशा ठेवू नका; गोलाई बसावी म्हणून तिथली माया कातरलेली असते.

शुभांगी, ठाणे: परकरालाही अशीच माया ठेवतात का? माझा दर वर्षी आखूड होतो.

कोथरूडकर: ताई, तो आटतोय. कापड आधी भिजवा.

मेघना: आणि हूक? एका ब्लाउजवर गंजाचे डाग पडलेत.

सुईवाली: लोखंडी असतील. पितळी घ्या. समोर दोऱ्याच्या घरांची एक ओळ जास्त घातली की अर्धा इंच न उसवता मिळतो.

रेवती: तरी घेणारीचे खांदे अरुंद असले तर? माया ठेवून खांदा लहान होत नाही.

सुईवाली: नाही होत. त्यासाठी बाही काढून मुंढा पुन्हा कापावा लागतो, आणि त्या मजुरीत साधा ब्लाउज नवीन होतो. विकताना आत्ताची छाती, खांदा आणि आत किती माया आहे, हे तिन्ही लिहा. मायेचा उलटून काढलेला फोटोही टाका.

रेवती: फोटोत काखेचे डागही दिसतील.

मेघना: दिसू देत की. टेलरताईंना सव्वा इंच सांगते, त्या एकावर आणतीलच.