कलणे, कलंडणे, उलटणे: GM ऋण असलेला ठोकळा नेमके काय करतो?

शब्दवेल्हाळ
एका लेखासाठी क्रियापद हवे आहे. अर्धवट बुडून तरंगणाऱ्या ठोकळ्याची मेटासेंट्रिक उंची, म्हणजे GM, ऋण निघाली तर "ठोकळा उलटतो" असे मी लिहिले होते. लेख तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून "कलतो" केले. मला ते मिळमिळीत वाटते. माझ्या उदाहरणातला ठोकळा लाकडी आहे: उंची २० सेंमी, रुंदी २२ सेंमी, लांबी बरीच जास्त, घनता पाण्याच्या ०.६ पट. GM ऋण येतो हे मी पडताळले आहे. मग उलटतो की कलतो?

घनमूळ
उलटतो! घनता ०.६ म्हणजे २० पैकी १२ सेंमी पाण्यात. उत्प्लावन केंद्र बुडालेल्या भागाच्या मध्यावर, तळापासून ६ सेंमीवर. गुरुत्वमध्य १० सेंमीवर. वजन वर आणि आधार खाली, मग पालथा होणारच. यात GM काढायचीही गरज नाही.

नाखवा
घनमूळ, आकडे बरोबर आहेत, पण निष्कर्ष चुकला. एकजिनसी ठोकळ्याचा गुरुत्वमध्य उत्प्लावन केंद्राच्या वरच असतो. तुमचा नियम खरा असता तर एकही फळी आडवी तरंगली नसती. तो नियम पूर्ण बुडालेल्या वस्तूचा, पाणबुडीचा. अर्धवट बुडालेली वस्तू कलली की पाण्यातल्या भागाचा आकारच बदलतो. खाली गेलेल्या बाजूला पाचरीएवढा भाग बुडतो, वर आलेल्या बाजूला तेवढाच बाहेर येतो आणि उत्प्लावन केंद्र खालच्या बाजूकडे सरकते. तिथून काढलेली उभी रेषा ठोकळ्याच्या मध्यरेषेला जिथे छेदते तो मेटासेंटर, M. तो गुरुत्वमध्याच्या वर असेल तर ठोकळा सरळ होतो, खाली असेल तर आणखी कलतो.

आयताकृती ठोकळ्यात M हा उत्प्लावन केंद्राच्या किती वर, ते काढणे सोपे आहे: रुंदीचा वर्ग भागिले बारा पट बुडालेली खोली. तुमच्या ठोकळ्यासाठी ४८४ भागिले १४४, म्हणजे ३.३६ सेंमी. M तळापासून ९.३६ वर आणि गुरुत्वमध्य १० वर, म्हणून GM उणे ०.६४ सेंमी. रुंदी २६ केलीत तर M १०.६९ वर जातो आणि ठोकळा सरळ उभा राहतो. रुंदीचा वर्ग लागतो, म्हणून चार सेंमीत एवढा फरक.

शब्दवेल्हाळ
म्हणजे ऋण आहेच. मग "उलटतो" बरोबरच ना?

नाखवा
नाही. पिएर बूगेर यांनी १७४६ साली जहाजावरच्या ग्रंथात M मांडला, पण तो सांगतो फक्त सरळ स्थितीबद्दल आणि अगदी थोड्या कलाबद्दल. GM ऋण म्हणजे ठोकळा सरळ राहणार नाही, एवढेच. पुढे कुठे जाऊन थांबेल ते वेगळे काढावे लागते.

ठोकळा कलत जातो तशी पाण्याच्या पातळीवरची त्याची रुंदी वाढते, कारण पाणी त्याला तिरके कापते. रुंदी वाढली की सरळ करणारा जोरही वाढतो. बाजू उभ्या असतील तर समतोलाच्या कोनाचा टॅन्जंट असा येतो:

tan φ = √(−2·GM / BM)

BM म्हणजे वर काढलेले ३.३६. उत्तर सुमारे ३२ अंश. या कोनात खालच्या बाजूवर पाणी ६.८ सेंमी वर चढते. ठोकळा पाण्याबाहेर ८ सेंमी आहे, म्हणजे वरची कड अजून कोरडी आहे आणि सूत्र लागू पडते. कड बुडाली असती तर हे गणित सोडून द्यावे लागले असते. तुमचा ठोकळा ३२ अंशांवर तिरका तरंगत राहील. उजवीकडे की डावीकडे, ते ज्या बाजूने धक्का बसेल त्यावर.

घनमूळ
आणि रुंदीही २० केली तर? चौरस छेद?

नाखवा
मग कड बुडते, म्हणून सूत्र गेले. या घनतेचा चौरस ठोकळा कोपरा खाली करून ४५ अंशांवर तरंगतो.

पंपवाला
मला वाटते यात बुडण्याचा प्रश्न आहे, तर माझा अनुभव सांगतो. पिंपांवर फळ्या ठोकून तराफा केला, मध्ये पंप बसवला. बुडाला नाही, पण एका बाजूला झुकून बसला. दुसऱ्या बाजूला दगड ठेवायला गेलो, तर धाडकन तिकडे झुकला, पहिल्यापेक्षाही जास्त. पिंपे गळत नाहीत, तपासली आहेत.

नाखवा
पंपवाले, बुडण्याचा प्रश्न नाही, पण तुमचे उदाहरण अगदी नेमके आहे. पंप एका बाजूला सरकलेला असता तर तराफा नेहमी त्याच बाजूला झुकला असता आणि दगडाने हळूहळू सरळ झाला असता. धाडकन दुसरीकडे गेला म्हणजे GM ऋण आहे. दगड काढा, तो रोग वाढवतोय. पंप खाली आणा, नाहीतर पिंपे एकमेकांपासून लांब सरकवा. अंतर दुप्पट केले तर त्यातून मिळणारा आधार जवळजवळ चौपट होतो.

लेखणी
मला या दोन झुकण्यांतच रस आहे. एका बाजूला वजन जास्त म्हणून झुकणे याला "कलणे" चांगले आहे, त्यात कारण आणि दिशा दोन्ही येतात. पण पंपवाल्यांच्या तराफ्याला "कलला" म्हटले तर वाचक दुसऱ्या बाजूला दगड ठेवायला जाईल. तिथे "कलंडणे" हवे. तांब्या कलंडतो तेव्हा तो पालथा होत नाही, आडवा होऊन पडून राहतो. "उलटणे" फक्त तळ वर आला तरच.

घनमूळ
पण कलंडला म्हटले की सगळे सांडले असे वाटते. ३२ अंशांवर तरंगणाऱ्या ठोकळ्याला कलंडला म्हणायचे? आणि रुंदी बरोबर २४ केली तर M बरोबर १० वर येतो, गुरुत्वमध्यावरच. पुस्तकात याला उदासीन समतोल म्हणतात, म्हणजे कलवा तसा राहील?

नाखवा
तसे होत नाही. कलवला की पाण्यावरची रुंदी वाढतेच, त्यामुळे २४ सेंमीचा ठोकळा परत सरळ येतो, फक्त सुरुवातीला फार आळसाने. "उदासीन" हे पहिल्या इंचभर हालचालीपुरते. प्रत्यक्ष लाकडात तर तेही दिसणार नाही. खालचा भाग पाणी पितो आणि गुरुत्वमध्य जरा खाली सरकतो.

शब्दवेल्हाळ
"उलटतो" काढतो. "सरळ राहत नाही, एका बाजूला कलंडून तिरका तरंगतो" असे लिहितो. लांब होते, पण बाईंचे "कलतो"ही पुरत नाही.

लेखणी
"कलंडून तिरका" माझ्या कानाला अजून खटकते. कलंडल्यावर तिरके काय राहते?

पंपवाला
पंप खाली आणता येत नाही, पाइप पुरत नाही. पिंपे सरकवतो. फळ्या किती लांब घ्याव्यात?

नाखवा
पिंपांची मापे, पंपाचे वजन आणि तो पाण्यापासून किती उंच आहे, एवढे सांगा. आणि पिंपे आडवी ठेवलीत की उभी? आडव्या गोल पिंपाची पाण्यावरची रुंदी ते किती बुडाले त्यावर बदलते, तिथे ठोकळ्याचे गणित चालणार नाही.