मदत हवी आहे: पहिलारू कालवड अडली तर हात कधी घालायचा?

चिरेबंदी_गोठा
राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या वाडीत आमचा गोठा आहे. गावठी गाईची जर्सी संकरित कालवड पहिल्यांदाच गाभण आहे. रेतनाच्या वेळी एचएफची कांडी भरली गेली आणि हिची चण लहान, म्हणून धाकधूक आहे. नववा महिना सरत आलाय, कास ताणलीय, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडलेत. दवाखाना लांब आहे आणि मोठा पाऊस झाला की साकवावरून पाणी जातं, मग कुणी येऊ शकत नाही.

मागे शेजारच्या गोठ्यात चौघांनी मिळून वासरू ओढलं. वासरू मेलं आणि गाय मागच्या पायांवर परत उभी राहिली नाही. तसं व्हायला नको. किती वेळ वाट बघायची, हात घालून नेमकं काय बघायचं आणि आपल्या हातातलं नाही हे कधी समजायचं? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

तळकोकणी
घाबरू नका दादा. आमच्याकडे पाणमोट फुटली की कळा वाढायचं इंजेक्शन देतात, तासात मोकळी होते. पाय दिसले की दोर बांधून ओढायचं, पण गाय कळ देईल तेव्हाच. मधे ओढायचं नाही.

गुहागरचे_काका
पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. तळकोकणींचं कळेबरोबर ओढण्याचं म्हणणं बरोबर आहे. पण ते इंजेक्शन स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका. आत वासराचा पाय किंवा मान मुडपलेली असेल, नाहीतर पिशवीचं तोंडच उघडलेलं नसेल, तर गाय जोर करत राहते आणि गर्भाशय फाटतं. आधी तपासणी, औषध नंतर, तेही डॉक्टरांच्या हातून.

आता वेळेचं. सुरुवातीला कालवड नुसती उठबस करते, शेपूट वर धरते, चारा सोडते. पहिलारूत हे अर्धा दिवससुद्धा चालतं, तेव्हा तिला एकटं सोडा. बघायला गर्दी झाली की ती कळा आवरून धरते. घड्याळ लावायचं ते पाणमोट दिसल्यापासून. त्यानंतर जोराच्या कळा देऊन अर्धा तास गेला आणि काहीच पुढे सरकलं नाही, तर तपासायचं. थोडं थोडं सरकत असेल तर पहिलारूला दीड-दोन तास द्यायला हरकत नाही.

नखं कापा, अंगठी-कडं काढा, कोपराच्या वरपर्यंत साबणाने धुवा, लांब हातमोजा घाला. गाईचा मागचा भागही धुवा. आत गेल्यावर तीन गोष्टी शोधायच्या: दोन पाय, त्यांच्यावर टेकलेलं नाक, आणि डोक्याभोवती जागा किती आहे. पाय पुढचे की मागचे हे सांध्यांवरून कळतं. खुरापासून वर जाताना पहिले दोन सांधे एकाच दिशेला वाकत असतील तर पुढचा पाय. दुसरा उलट दिशेला वाकला आणि त्याला टोकदार टाच लागली तर मागचा, म्हणजे वासरू उलटं येतंय. दोन्ही पाय एकाच वासराचे आहेत ना, हे छातीपर्यंत हात नेऊन खात्री करा.

वासरू जिवंत आहे का बघायला खुरांच्या बेचक्यात चिमटा काढा किंवा तोंडात बोट घाला. त्याने पाय मागे ओढला किंवा बोट चोखलं तर जिवंत. काहीच केलं नाही तरी मेलंय असं लगेच धरू नका, दमलेलं वासरूही गप्प असतं.

सावित्री_वाडा
आमच्या म्हशीचं असंच झालं होतं काका. दिवसभर अस्वस्थ, कळा यायच्या नि जायच्या, पण पाणमोट दिसलीच नाही. आम्ही पाय दिसायची वाट बघत बसलो. डॉक्टरांनी येऊन तिला आडवी पाडून लोळवली, तेव्हा सुटली. कालवडीलाही लोळवून बघायचं का?

गुहागरचे_काका
नाही ताई, ते दुखणं वेगळं. म्हशीच्या पिशवीला पीळ पडला होता. म्हशींत हे जास्त दिसतं. हात घातला तर वाट पिळलेल्या कापडासारखी अरुंद होत गेलेली लागते. कुठल्या बाजूला पीळ आहे हे ओळखून त्याच बाजूला लोळवावं लागतं, चुकलं तर पीळ वाढतो. त्यामुळे ते डॉक्टरांचं काम. पण तुमच्या लिहिण्यातून धागाकर्त्याने एक घ्यावं: कळा आहेत आणि काही तासांत पाणमोट नाही, तर वाट न बघता फोन करायचा.

चिरेबंदी_गोठा
काका, खूप आभार. आत हात सरकायला काय लावायचं? घरात खोबरेल आहे.

तळकोकणी
खोबरेलच. पिढ्यान्‌पिढ्या तेच लावतो.

गुहागरचे_काका
मी साध्या साबणाचं दाट पाणी किंवा लिक्विड पॅराफिन वापरत आलो. ताजं खोबरेल चालेल, देवघरातलं उघडं नको. कपड्यांची पावडर तर नकोच.

चिरेबंदी_गोठा
काल रात्री कालवड व्याली. सविस्तर लिहितो, कुणाच्या कामी येईल.

पाणमोट फुटल्यावर एक खूर आणि नाक दिसलं, दुसरा पाय दिसेना. अर्धा तास कळा देऊनही तेवढंच. १९६२ वर फोन लावला, गाडी निघाली पण साकवाच्या अलीकडे थांबली. डॉक्टर फोनवर बोलत राहिले. हात घातला तर दुसरा पाय गुडघ्यात मुडपून ओटीच्या हाडाला अडकला होता. त्यांनी आधी गाईला उभी करायला सांगितलं, बसल्यावर आत जागा राहत नाही. मग कळ थांबली की वासराला छातीवर तळवा ठेवून मागे ढकलायचं, कळ आली की नुसतं धरून ठेवायचं. मागे जागा झाल्यावर गुडघा वर आणि बाहेर ढकलला, खूर पूर्ण मुठीत झाकून आत-पुढे ओढलं. खूर झाकलं नाही तर त्याचं टोक पिशवी फाडतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. पंधरा-वीस मिनिटांत जमलं नाही तर हात काढा, कुणाला तरी खांद्यावरून साकव ओलांडून आणू, असंही म्हणाले. तेवढ्यात पाय आला.

दोर घोट्याच्या वर बांधला, खाली अजून एक वेढा. मी आणि भाऊ दोघंच, एकदा हा पाय, एकदा तो. डोकं बाहेर आल्यावर गाईच्या खुरांच्या दिशेने खाली ओढलं. पाडी झाली. श्वास घेईना, तर नाकातोंडातली चिकटी पुसली, नाकात पेंढ्याची काडी घातली, तशी शिंकली. तासाभरात चीक पाजला.

आता प्रश्न: आठ तास झाले, जार लोंबतेय. वाडीतले म्हणतात दगड बांधा.

गुहागरचे_काका
उत्तम काम केलंत. दगड बांधू नका, हाताने ओढू नका. वाट फाटते, तुकडे आत राहून कुजतात. बारा तास बघा. तोवर पडली नाही तर डॉक्टरांना कळवा. गाय चारा सोडेल, अंग तापेल किंवा घाण वास येईल तर तेवढंही थांबू नका. शिवाय हात आत गेला होता, तेव्हा पाणी ओसरल्यावर त्यांना एकदा बोलवाच. जार पडली की मोजा घालूनच उचला आणि खोल पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका.

तळकोकणी
पुढच्या वेळी हिला गावठी बैलच लावा. वासरू लहान, त्रास नाही.

सावित्री_वाडा
मग दुधाचं काय? जर्सीची कांडी घेतली तर वासरू एचएफएवढं मोठं होत नाही ना?

गुहागरचे_काका
साधारण नाही होत. पण लहान चणीच्या गाईत पहिलं वेत बघूनच ठरवावं, मी तरी गावठी वळू नाहीतर जर्सीकडे झुकेन. चिरेबंदी, जारेचं संध्याकाळी कळवा.