शब्दचर्चा : सत्यप्रत, साक्षांकित प्रत, प्रमाणित प्रत, नक्कल. कोर्टाला यातली नेमकी कोणती लागते?

दक्षिण सोलापूरकर

हे चारही शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने वापरतात. मीही तसेच समजत होतो, आणि आता दाव्यात त्यावरच अडलंय. वडिलांनी 1986 साली चुलत्यांकडून दोन एकर जमीन नोंदणीकृत खरेदीखताने घेतली. दस्त थोरल्या काकांच्या पेटीत राहिला. काका गेले, आणि आता त्यांचा मुलगाच दाव्यात प्रतिवादी आहे. तो म्हणतो, असा दस्त माझ्याकडे नाही. आमच्याकडे फक्त झेरॉक्स होती. तिच्यावर एका राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का घेऊन, म्हणजे साक्षांकित करून, 2022 मध्ये दाव्यासोबत दिली. माझ्या सरतपासाच्या वेळी समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी पुराव्यात घेतल्याची निशाणी दिली नाही, ‘आर्टिकल अ’ असा ओळखीपुरता क्रमांक दिला. मग सही-शिक्क्याला अर्थ काय राहिला? आणि अस्सल दस्त नाही म्हणजे पुरावाच नाही, असं धरायचं का?

मंगळवेढेकर

दादा, साक्षांकनाची कटकट आता नाही. मुलीच्या प्रवेशाला आणि जातीच्या दाखल्याला आम्ही स्वतःच ‘सत्यप्रत’ लिहून सही केली, सगळीकडे चाललं. तुम्हीही स्वयंसाक्षांकित करून द्या.

निवृत्त पेशकार

मंगळवेढेकर, ते प्रवेशाच्या आणि सरकारी अर्जांच्या बाबतीत खरं आहे. तिथे कागद तपासायचा अधिकार त्या कार्यालयालाच असतो, शंका आली की ते मूळ मागतात. कोर्टात कागद पुराव्यात घ्यायचा की नाही, हे पुरावा कायदा ठरवतो.

दादा, फरक सहीच्या रुबाबात नाही, मूळ कागद कुणाच्या ताब्यात आहे यात आहे. साक्षांकन करणारा अधिकारी एवढंच सांगतो की माझ्यासमोर ठेवलेल्या कागदाशी ही झेरॉक्स जुळली. तो कागद खरा होता का, कुठून आला, हे त्याला माहीत नसतं. तुमच्या बाबतीत तर त्याच्यासमोर मूळ दस्तही नव्हता, झेरॉक्सवरून झेरॉक्स होती.

प्रमाणित प्रत ही ज्याच्या कार्यालयात ते दप्तर सांभाळलं जातं, तोच अधिकारी देतो. कचेरीत आपण तिलाच नक्कल म्हणतो. रीतसर अर्ज करायचा, नकलेची फी भरायची. प्रतीच्या तळाशी ‘खरी नक्कल’ असा दाखला, तारीख, अधिकाऱ्याची सही, नाव, हुद्दा आणि कार्यालयाचा शिक्का लागतो. जुन्या कायद्यात हे कलम 76 मध्ये होतं, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात 75 मध्ये आहे. अशी प्रत आली की ती खरी आहे असं कोर्ट गृहीत धरतं, नक्कल देणाऱ्या कारकुनाला साक्षीला बोलवावं लागत नाही.

सार्वजनिक दप्तराच्या बाबतीत आणखी एक कडक अट आहे. मूळ वही ऑफिसबाहेर न आणता दुय्यम पुरावा देता येतो, पण तो प्रमाणित प्रतीचाच. त्याच नोंदीची झेरॉक्स, किंवा ‘मी ती नोंद वाचली होती’ अशी तोंडी साक्ष, चालत नाही. सातबाऱ्याचंही तसंच. मोबाईलवर बघायला मिळणारा उतारा माहितीपुरता असतो. कोर्टात डिजिटल सहीचा किंवा तलाठ्याच्या सही-शिक्क्याचाच द्यायचा.

होटगी रोड

एवढं अवघड नाही. नोंदणी झाली म्हणजे दस्त सार्वजनिक झाला. दुय्यम निबंधकांकडून नक्कल आणा, द्या, विषय संपला. शिवाय 1986 चा दस्त, 30 वर्षं कधीच उलटली. 30 वर्षांच्या कागदाला साक्षीदार लागतच नाही. माझ्या साडूच्या दाव्यात असंच झालं होतं.

वकील, जिल्हा न्यायालय

होटगी रोड, नक्कल आणायला सांगितलीत ते अगदी बरोबर. त्यामागची दोन्ही कारणं मात्र तपासून घ्यायला हवीत.

खरेदीखत हा दोन माणसांमधला खासगी कागद आहे. नोंदणी झाल्यावर अस्सल दस्त पक्षकाराला परत मिळतो आणि त्याची नक्कल दुय्यम निबंधकांच्या पुस्तक क्रमांक 1 मध्ये राहते. सार्वजनिक आहे ते हे पुस्तक. त्याची प्रमाणित प्रत मूळ दस्तातला मजकूर सिद्ध करायला ग्राह्य आहे, असं नोंदणी कायद्याचं कलम 57 सांगतं. म्हणजे अमुक गटातली अमुक जमीन अमुक किमतीला विकली असं त्या दस्तात लिहिलं होतं, इथपर्यंत ही प्रत पोचवते. चुलत्यांनी त्यावर खरोखर सही केली का, हा प्रश्न वेगळा राहतो. प्रतिवादीने सहीच नाकारली असेल तर नुसत्या प्रतीवर थांबता येत नाही. सही ओळखणारा माणूस, दस्त लिहिणारा किंवा त्यावरचा साक्षीदार हयात असेल तर त्याला आणायचं.

30 वर्षांचं गृहीतक अस्सल कागदासाठी आहे. तो कागद योग्य ताब्यातून कोर्टासमोर आला तर सही खरी मानता येते, तेही कोर्टाच्या मर्जीने. नकलेला ते लागत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने 1935 मध्ये बसंत सिंग खटल्यात सांगितलं आणि आजही तेच चालतं. तुमच्या साडूच्या दाव्यात बहुधा अस्सल दस्त दाखल असेल, किंवा समोरच्याने हरकतच घेतली नसेल. पुराव्याच्या पद्धतीवरची हरकत निशाणी पडतानाच घ्यावी लागते, नंतर ऐकत नाहीत. दक्षिण सोलापूरकरांच्या समोरच्या वकिलांनी ती वेळेवर घेतली, म्हणून त्यांचं अडलं.

दादा, नक्कल मागताना फक्त दस्ताची पानं घेऊ नका. दस्ताच्या शेवटी दुय्यम निबंधकांचे शेरे असतात: दस्त कुणी हजर केला, लिहून देणाऱ्याने तो कबूल केला का, ओळख कुणी पटवली. नोंदणीच्या दाखल्यावरून, शेऱ्यात लिहिलेल्या त्या गोष्टी तशाच घडल्या हे दाखवता येतं. चुलत्यांनी दुय्यम निबंधकांसमोर दस्त कबूल केल्याचा शेरा असेल, तर सही नाकारणाऱ्याला त्याचं उत्तर द्यावं लागेल. लोक इंडेक्स दोनचा उतारा आणतात आणि तोच दस्त समजतात. ती नुसती सूची आहे, तिच्यात शेरे नसतात.

अक्कलकोटची लेक

माझ्या मावशीचं मृत्युपत्र नोंदवलेलं आहे. अस्सल सापडत नाही, दुय्यम निबंधकांची नक्कल आहे. मग मला पण एवढंच पुरेल ना?

वकील, जिल्हा न्यायालय

नाही ताई, मृत्युपत्राला जास्त लागतं. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असतात आणि त्यातला हयात असलेला निदान एक जण कोर्टात यावा लागतो. नोंदणीमुळे ही अट सुटत नाही. साक्षीदार कोण आहेत आणि कुठे आहेत, हे आधी शोधा. अस्सल कसं गहाळ झालं तेही सांगावं लागेल. मावशींच्या ताब्यात असलेलं मृत्युपत्र नंतर सापडलं नाही, तर त्यांनी स्वतःच ते रद्द करून फाडलं असेल, असा युक्तिवाद समोरून येतो. खरेदीखताला साक्षीदाराची तशी सक्ती नाही.

दक्षिण सोलापूरकर

नकलेचा अर्ज आज दिला. पण प्रतिवादी म्हणतो, अस्सलच आणा. कोर्ट तसं म्हणू शकतं का? आणि दुय्यम पुराव्यासाठी माझे वकील कलम 65 म्हणतात, नेटवर मला 60 दिसतं.

निवृत्त पेशकार

तुमचा दावा 1 जुलै 2024 च्या आधीचा आहे, म्हणून त्याला 1872 चाच कायदा, कलम 65. नव्या कायद्यात तेच 60 झालंय.

कोर्ट अस्सल मागतं, पण तसं कारण असावं लागतं. नुसता ‘अस्सल आणा’ हा आग्रह पुरत नाही. कागदावर खाडाखोड आहे, आकडा गिरवलाय, शाई वेगळी आहे, नोंद मागाहून घुसडलीय, सही कुणाची यावर तज्ज्ञ नेमायचाय, अशा वेळी प्रत कितीही प्रमाणित असली तरी उपयोगी नाही, कारण तिच्यात शाई आणि खोडणं दिसत नाही. मग साक्षीदार समन्स काढून त्या कार्यालयाच्या कारकुनाला मूळ वहीसह बोलावतात. वही कोर्टात दाखवून परत जाते, पानांची नक्कल दप्तरात राहते. फेरफाराच्या वहीबाबत हे नेहमी होतं. दुसऱ्या कोर्टाचं जुनं दप्तर मागवायचं असेल तर शपथपत्र करावं लागतं, की नक्कल वाजवी वेळेत आणि खर्चात मिळत नाही किंवा न्यायासाठी मूळच बघणं गरजेचं आहे.

तुमच्या दाव्यात अस्सल प्रतिवादीकडे आहे असं तुमचं म्हणणं आहे. मग आधी त्याला दस्त हजर करण्याची लेखी नोटीस द्या. तो नाही म्हणाला किंवा गप्प बसला, की दुय्यम पुराव्याची वाट मोकळी होते. आणि सरतपासाच्या शपथपत्रात स्पष्ट लिहा: दस्त कधी, कुणाच्या ताब्यात गेला, शेवटचा कधी पाहिला, कुठे शोधला.

होटगी रोड

पण नक्कल कायद्यानेच चालते म्हणता, मग अस्सल कुठे गेलं हे सिद्ध कशाला करायचं?

वकील, जिल्हा न्यायालय

यावर वकिलांमध्ये खरोखर दोन मतं आहेत. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अप्पैया विरुद्ध अंदिमुथु या निकालात खरेदीखताची प्रमाणित प्रत मजकूर सिद्ध करायला ग्राह्य धरली. त्यावरून तुमच्यासारखं म्हणणारे आहेत. दुसरा पक्ष म्हणतो, अस्सल खासगी कागद आहे, तो का नाही हे सांगणं सुटत नाही. माझा स्वतःचा कल पहिल्या मताकडे आहे. तरी माझ्या पक्षकाराला मी नोटीस द्यायला लावतेच. ती दिल्याने काही बिघडत नाही, आणि न दिल्याचा मुद्दा अपिलात निघाला तर पुरावा नव्याने नोंदवायची सोय सहज मिळत नाही.

दादा, प्रत आता उशिरा दाखल होणार, त्यामुळे ती घ्यायला परवानगीचा अर्जही लागेल. उशिराचं कारण खरं आणि थोडक्यात लिहा.

दक्षिण सोलापूरकर

नक्कल मिळाली. कबुलीचा शेरा आहे, ओळख पटवणाऱ्या दोघांची नावंही आहेत. त्यातले एक आमच्या गावचेच, हयात आहेत. पण चतुःसीमेच्या दोन ओळींच्या जागी ‘मूळ पान जीर्ण, वाचता येत नाही’ असा शेरा मारलाय. ती जागा झेरॉक्समध्ये वाचता येते. आता झेरॉक्स चालेल का?

निवृत्त पेशकार

झेरॉक्सने ती जागा भरायला गेलात तर पुन्हा तीच हरकत येईल. गट क्रमांक आणि क्षेत्र नकलेत शाबूत असेल तर आधी त्यावर भिस्त ठेवा. शिवाय त्या खरेदीवरून पडलेल्या फेरफाराची प्रमाणित प्रत आणि मोजणीचा नकाशा काढा. फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही, पण कुठली जमीन हे ठरवायला मदत होते.

वकील, जिल्हा न्यायालय

प्रतिवादीने दस्त लपवल्याचं सिद्ध झालं तर तेवढ्या दोन ओळींसाठी झेरॉक्सही मागता येईल, असं मला वाटतं. पण मग ती झेरॉक्स अस्सलवरून कुणी, कधी काढली आणि ताडून पाहिली का, हे सांगणारा माणूस लागेल. तुमच्याकडे तो आहे का?

दक्षिण सोलापूरकर

झेरॉक्स वडिलांनी काढली होती. ते आता नाहीत. आईला विचारून सांगतो.