बँकेची सेवा बंद पडल्यावर माफीनामा कसा लिहावा?

कारेलीबागकर : आमच्या सहकारी बँकेची मोबाईल सेवा शनिवारी सायंकाळी ६:१० पासून रात्री ९:४० पर्यंत बंद होती. त्यावर ‘काही तांत्रिक कारणांमुळे आपणांस असुविधा झाली असल्यास खेद आहे’ एवढेच निवेदन निघाले. ते नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे, पण ‘चूक’ हा शब्द येता कामा नये, असे वकिलांनी बजावले आहे. मग जबाबदारी घ्यायची कशी?

रावपुरेकर : मी तीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसलो, म्हणून हे निवेदन वाचून राहवले नाही. ‘असल्यास’ हा शब्द सर्वप्रथम काढा, कारण साडेतीन तास सेवा बंद होती हे प्रत्येक खातेदाराने स्वतः पाहिले आहे. काय घडले हे सांगणे वेगळे आणि त्याला कायद्याचे नाव देणे वेगळे. ‘सेवा बंद होती, काही खात्यांतून रक्कम वजा झाली पण समोरच्याला पोहोचली नाही’ ही घटना झाली, ती लपवून काही मिळत नाही. ‘आमच्या निष्काळजीपणामुळे’ हा मात्र निष्कर्ष आहे आणि तो काढणे हे न्यायमंचाचे काम आहे. मी असे लिहीन : ‘सेवा चालू ठेवणे हे आमचे काम आहे आणि शनिवारी ते आमच्याकडून झाले नाही. आम्ही आपली क्षमा मागतो.’ त्यापुढे अडकलेल्या पैशांविषयी ठोस तारीख द्यावी. ‘सर्व नुकसान भरून देऊ’ असे मोघम आश्वासन कधीही देऊ नये, कारण त्याला मर्यादा राहत नाही.

सयाजीगंजवाला : एवढा विचार कशाला? वर ‘आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून’ असे लिहिले की खाली मनमोकळे लिहिता येते. आमच्या कारखान्यात प्रत्येक पत्रावर हे असते.

वकीलताई : कारखान्याच्या तडजोडीच्या पत्रावर ते चालते, जाहीर निवेदनावर नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २१ प्रमाणे कबुली पुराव्यातून वगळली जायला, ती पुराव्यात द्यायची नाही अशी स्पष्ट अट असावी लागते किंवा दोन्ही पक्षांचे तसे ठरले होते असे परिस्थितीवरून दिसावे लागते. हजारो खातेदारांना पाठवलेल्या निवेदनात तडजोडीची बोलणी कुठे असतात? इंग्लंडमध्ये २००६ च्या कायद्याने नुसत्या क्षमायाचनेला निष्काळजीपणाची कबुली मानत नाहीत. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही. म्हणून शब्द जपायचे. मात्र कबुली हा निर्णायक पुरावा नसतो, हेही वकील मंडळी भीती घालताना सांगत नाहीत. बँकेची सायबर विमा पॉलिसी असेल तर तीही उघडून पाहा, कारण विमा कंपनीच्या संमतीविना दायित्व मान्य करू नये अशी अट त्यात पुष्कळदा असते.

दांडियाबाजारच्या काकू : तुमची कलमे राहू द्या. त्याच संध्याकाळी मी औषधाच्या दुकानात उभी होते. १,८४० रुपये खात्यातून गेले, दुकानदाराच्या फोनवर काही आले नाही आणि मागे रांग लागलेली. शेवटी शेजारच्या भाऊंनी रोख दिले. मला क्षमा नको, माझे पैसे केव्हा येणार ते सांगा.

रावपुरेकर : काकू, तुमचा प्रश्नच निवेदनाचा गाभा आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयने एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेले पैसे अडकले तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानाला दिलेले पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यानंतर दर दिवशी १०० रुपये, तेही तक्रारीची वाट न पाहता. म्हणजे तुमच्या पैशांना गुरुवारपर्यंत मुदत आहे, पण शनिवारी कोणी भावाला पाठवलेले पैसे रविवारी रात्रीपर्यंत आले नसतील तर सोमवारपासून भरपाई चालू. हे देणे नियमाने ठरलेलेच आहे. ते लिहिल्याने नवे दायित्व येत नाही.

मांजलपूरकर : मुळात ‘खेद’ हा शब्दच मला खटकतो. स्टेशनवरच्या हिंदी उद्घोषणेत ऐकू येणारा हा शब्द आपण वडोदऱ्यातले मराठी लोक सर्रास वापरू लागलो आहोत. पाऊस आला नाही याचाही खेद वाटतो. क्षमा मात्र स्वतःच्या वागण्याबद्दलच मागितली जाते.

सयाजीगंजवाला : म्हणजे ‘क्षमा’ लिहिले की गुन्हा कबूल झाला! ‘दिलगीर आहोत’ पुरेसे आहे.

मांजलपूरकर : दिलगिरी पत्रात शोभते. घरी उशिरा आलात तर आईला ‘दिलगीर आहे’ म्हणता का? तुमच्यासारख्यांमुळेच कार्यालयांची मराठी अशी कोरडी झाली आहे.

सयाजीगंजवाला : माझ्या मराठीवर घसरू नका. वरच्या ओळीने संरक्षण मिळत नाही हे मान्य, पण कारणाचे काय? सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचा दोष असेल तर ते सांगायलाच हवे.

वकीलताई : तपास पुरा होण्याआधी सांगू नये. खातेदाराचे नाते बँकेशी आहे. पुरवठादाराशी बँकेने करारानुसार भांडावे.

कारेलीबागकर : नोंदींची डिस्क भरल्याने सर्व्हर थांबला, हे आमच्या माणसांनी पाहिले आहे. इशारा ज्या क्रमांकावर गेला तो कर्मचारी रजेवर होता. पहिले वाक्य मी ‘आतापर्यंतच्या तपासात आढळले’ असे म्हणून घालतो आहे. दुसरे वाक्य वकील काढायला सांगतात.

रावपुरेकर : दुसरे ठेवा. आता इशारा दोघांना जातो, असे लिहिता आले तरच त्या क्षमेला वजन येईल.

वकीलताई : ‘इशारा यापुढे दोघांना जाईल’ एवढेच लिहा. रजेचा उल्लेख मी असते तर काढलाच असता.

दांडियाबाजारच्या काकू : आणि गुरुवार ही तारीख ठळक अक्षरांत छापा.