मदत हवी आहे: नापास नातू, आजोबा आणि कथेतले लांबलेले भाषण

पानगळ:
मी एक लघुकथा लिहीत आहे. काळ जून १९९६, गाव नगर जिल्ह्यातील कोरडवाहू. दहावीत गणितात नापास झालेला मुलगा निकाल लागल्यापासून ओसरीच्या कोपऱ्यात बसून आहे आणि रात्री आजोबा त्याची समजूत घालतात. हा प्रसंग दोन पाने चालतो. वाचताना मात्र तो शाळेच्या निरोप समारंभातील भाषणासारखा वाटतो. आजोबांनी नेमके काय बोलावे?

तळटीप:
मुलगा एकाच विषयात गेला असेल, तर जुलैमध्ये फेरपरीक्षा देऊन वर्ष वाचवू शकतो. आजोबांनी तेवढे सांगितले तरी त्याला धीर येईल.

जुनी_वही:
जुलैची फेरपरीक्षा २०१५ पासूनची आहे. तुमच्या कथेतील मुलाला ऑक्टोबरची वाट पाहावी लागेल आणि कथेला त्याचा फायदाच आहे, कारण मित्र अकरावीला जात असताना तो गावात मागे राहतो. आणखी एक गोष्ट म्हणजे आजोबांच्या तोंडी ‘मी दहावीला होतो तेव्हा’ असे वाक्य घालू नका. १९७५ पूर्वी शालान्त परीक्षा अकरावीला होत असे.

कोरडवाहू:
आजोबांना बोलायलाच लावू नका. निकाल आणि मृगाची पेरणी एकाच सुमारास येतात. सकाळी त्यांनी एवढेच म्हणावे, “ऊठ, आज चाड्यावर तू मूठ धर.” चाडे म्हणजे पेरणीच्या पाभरीवरचे बी सोडायचे वाडगे. हे काम घरात वाटेल त्याला देत नाहीत, कारण मूठ सारखी सुटली नाही तर बाजरी कुठे दाट पडते आणि कुठे तास, म्हणजे पेरणीची ओळ, रिकामा जातो. पेरताना ही चूक दिसत नाही. चार-पाच दिवसांनी उगवण झाली की सगळ्या गावाला दिसते. मुलाच्या तासात खंड पडलेले दाखवा. मग आजोबा बियाण्याची पिशवी घेऊन पुढे होतात आणि दोघे ओल आहे तोवर रिकाम्या जागी पुन्हा बी टाकून नांग्या भरतात. मात्र ‘आयुष्यातही असेच असते’ हे वाक्य लिहिण्याचा मोह टाळा, नाहीतर भाषण मागच्या दाराने परत येईल.

सायली_मावशी:
माझा भाचा यंदा गणितात राहिला असून तो जेवतही नाही. त्याच्याशी काय बोलावे?

जुनी_वही:
मावशी, त्यासाठी वेगळा धागा काढा. तिथे शिक्षक मंडळी नक्की उत्तर देतील. पण त्याला एकटे सोडू नका.

पानगळ:
कोरडवाहू, पेरणीचा प्रसंग घेतो. शंका एवढीच की आजोबा इतके गप्प राहिले, तर मुलाला त्यांची माया कळेल का?

कोरडवाहू:
खंड पाहून वडील चिडतील, तेव्हा आजोबांनी “पाभर जुनी झालीय” असे खोटे सांगावे. ते खोटे आहे हे मुलाला ठाऊक असते.

जुनी_वही:
मला हे पटत नाही. चूक झाकणारे आजोबा वाचकाला आवडतील, पण गणितात नापास झालेल्या मुलाला ती दया बोचेल. त्यांनी चूक दाखवावी आणि बियाणे त्याच्याच हातात द्यावे.

पानगळ:
दोन्ही प्रकारे लिहून पाहतो. ऑक्टोबरचा निकाल कथेत आणावा की नाही, हेही अजून ठरलेले नाही.